१०० ग्रॅमचे आकडे सर्व्हिंगमध्ये बदलताना राउंडिंग कुठे करायचं

प्रश्न: ओट्स आणि नट्सच्या मिक्सचं लेबल करतोय. १०० ग्रॅमच्या कॉलममध्ये फॅट १४ ग्रॅम आहे, सर्व्हिंग ३५ ग्रॅम, म्हणून ०.३५ ने गुणून ४.९ लिहिलं. पार्टनरने त्याच लॅब रिपोर्टवरून ४.८ काढलं. वरून कॅलरी ४-४-९ ने मोजून बघितल्या तर १४० येतात, टेबलात मात्र १४६. नक्की चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमच्या पार्टनरचं ४.८ बरोबर आहे. आणि टेबलातलं १४६ पण बरोबर आहे, चुकलंय ते १४० मोजताना. या दोन वेगवेगळ्या चुका आहेत, एकमेकींशी संबंध नाही, म्हणून एक-एक घेते. रिपोर्टचा फोटो सोबत टाकलात ते फार बरं केलंत, नाहीतर नुसत्या १४ वरून मला काहीच सांगता आलं नसतं.

आधी फॅट. तुमचा गुणाकार चुकलेला नाही, गुणायला घेतलेला आकडा चुकलाय. रिपोर्टमध्ये फॅट १३.७४ आहे. लेबलच्या १०० ग्रॅमच्या कॉलमसाठी तुम्ही ते राउंड करून १४ केलं, ते तिथे ठीकच आहे, पण मग सर्व्हिंग काढायला पुन्हा त्याच १४ ला हात घातलात. १३.७४ ला ०.३५ ने गुणलं की ४.८०९ येतं, म्हणजे ४.८. पार्टनर थेट रिपोर्टवरून गेला म्हणून त्याचं बरोबर आलं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळं त्यावरच आहे. लेबलवर १४ छापलं की त्याचा अर्थ १४.०० होत नाही, त्याचा अर्थ होतो १३.५ ते १४.५ मधलं काहीतरी. ते ०.३५ ने गुणलं तर ४.७ पासून जवळजवळ ५.१ पर्यंत काहीही असू शकतं. म्हणजे १४ वरून काढलेल्या ४.९ मधला तो दशांशानंतरचा ९ आहे ना, त्याला काही आधारच नाही, कॅल्क्युलेटर दाखवतो म्हणून आपण लिहितो एवढंच. एकदा राउंड केलेल्या आकड्यातून गेलेली माहिती नंतर कितीही गुणाकार-भागाकार केले तरी परत येत नाही.

तुमच्या रिपोर्टवरून बाकीच्या ओळी पण मी काढून बघितल्या, फक्त फॅटमध्येच घोळ आहे असं नाही:

| घटक | रिपोर्ट (१०० ग्रॅम) | लेबलचा १०० ग्रॅमचा कॉलम | तुमचं सर्व्हिंग | रिपोर्टवरून सर्व्हिंग |
|---|---|---|---|---|
| प्रोटीन | ११.३८ | ११ | ३.९ | ४.० |
| फॅट | १३.७४ | १४ | ४.९ | ४.८ |
| कार्ब्स | ५७.४६ | ५७ | २० | २० |
| साखर | १४.८३ | १५ | ५.३ | ५.२ |
| फायबर | ८.९२ | ८.९ | ३.१ | ३.१ |

बघा, प्रोटीन कमी पडलं, फॅट आणि साखर वाढली, आणि कार्ब्स मात्र जुळले. कार्ब्स जुळले ते नशिबाने, तुमचं १९.९५ आणि खरं २०.११, दोन्ही २० ला जाऊन बसले. म्हणूनच ही चूक खूप दिवस सापडत नाही, पाच ओळींपैकी दोन तपासल्या आणि त्या जुळल्या की माणूस म्हणतो झालं, बरोबर आहे. आणि एखादी ओळ ०.१ ने इकडे-तिकडे झाली तर काय बिघडतं असं कुणाला वाटत असेल तर पुढचं वाचा.

आमच्याकडे एक प्रॉडक्ट होतं, पॉप केलेल्या धान्याच्या चकत्या, फॅट एकदम कमी, रिपोर्टमध्ये १०० ग्रॅमला १.४९. सर्व्हिंग तेव्हा ३० ग्रॅम होतं, त्यात फॅट ०.४४७ ग्रॅम यायचं, आणि ०.५ किंवा त्याच्या खाली असेल तर शून्य लिहायला तिथल्या नियमाने परवानगी होती म्हणून लेबलवर ० ग्रॅम छापलं होतं. नंतर पाकिटात चकत्या वाढवल्या, सर्व्हिंग ४० ग्रॅम केलं. आर्टवर्क करणाऱ्याकडे रिपोर्ट नव्हता, त्याच्याकडे जुनं लेबल होतं, त्याने प्रामाणिकपणे सर्व्हिंगच्या कॉलममधला प्रत्येक आकडा ४० ला ३० ने भागून येणाऱ्या फॅक्टरने गुणला. बाकी आकडे थोडे-थोडे हलले, फॅट शून्यच राहिलं, कारण शून्याला कशानेही गुणा. खरं उत्तर होतं ०.५९६, म्हणजे ०.६, आणि तिथे शून्य लिहायची मुभा संपलेली होती. समोर 'फॅट शून्य' असं मोठ्या अक्षरात पण होतं. प्रूफ वाचताना मला ते दिसलं ते केवळ १०० ग्रॅमच्या कॉलममध्ये १.५ दिसत होतं आणि शेजारी ४० ग्रॅमला शून्य, ते डोळ्याला खटकलं म्हणून. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे, छापलेल्या लेबलवरून नवीन सर्व्हिंग काढायचं नाही, कितीही घाई असली तरी रिपोर्ट शोधायचा.

सर्व्हिंग १०० ग्रॅमपेक्षा मोठं असेल, म्हणजे पेयं किंवा सूप वगैरे, तर हा प्रकार अजून वाईट होतो, कारण तिथे गुणाकाराने चूक लहान होत नाही, फुगते. २५० च्या सर्व्हिंगला राउंडिंगची चूक अडीच पट होते.

आता शीटमध्ये हे कसं बसवायचं. मी दोन कॉलम वेगळे ठेवते. B मध्ये रिपोर्टचे आकडे जसेच्या तसे, जेवढे दशांश लॅबने दिलेत तेवढे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. C मध्ये १०० ग्रॅमचा छापायचा आकडा आणि D मध्ये सर्व्हिंगचा छापायचा आकडा. सर्व्हिंगचं वजन एकाच सेलमध्ये, समजा H1, आणि D चा फॉर्म्युला हा:

```
=ROUND(B4*$H$1/100, IF(B4*$H$1/100>=10, 0, 1))
```

IF मुळे १० किंवा वरचं उत्तर पूर्ण आकड्याला आणि खालचं ०.१ ला राउंड होतं. यात B4 आहे, C4 नाही, सगळं इंगित तेवढंच आहे. C आणि D हे दोन्ही B ची मुलं आहेत, D हे C चं मूल नाही. तुमच्या शीटमध्ये D हा C वरून निघालाय. H1 ला डॉलर लावायला विसरू नका, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की तो H2, H3 असा रिकाम्या सेलवर जातो आणि शून्यं यायला लागतात.

अजून एक, शीटमध्ये दशांश कमी करायचं जे बटण असतं त्याने फक्त दिसणं बदलतं, आत १३.७४ तसंच राहतं. त्यामुळे C वरून काढलं तरी कधीकधी उत्तर बरोबर येतं आणि माणसाला वाटतं की आपली पद्धत बरोबर आहे. मग तोच आकडा कुणी मेलमध्ये टाइप करून पाठवला, समोरच्याने नव्या शीटमध्ये १४ असा टाइप केला, की आतलं १३.७४ गेलं. तुमच्या बाबतीत बहुतेक असंच काहीतरी झालं असणार. म्हणून ROUND जिथे करायचं तिथे फॉर्म्युल्यात लिहून करा आणि B ला लॉक करा.

किती दशांशापर्यंत राउंड करायचं हे मात्र तुम्ही माल कुठे विकणार त्यावर आहे, ते मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्या टेबलाची ठेवण युरोपियन युनियनच्या गाइडन्ससारखी दिसते, तिथे फॅट, कार्ब्स, प्रोटीन १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर पूर्ण ग्रॅमला, १० च्या खाली ०.१ ला, आणि ०.५ किंवा कमी असेल तर शून्य किंवा '०.५ पेक्षा कमी'. म्हणूनच वर मी कार्ब्स २०.१ न लिहिता २० लिहिलंय. अमेरिकेत एफडीएचे नियम वेगळे, तिथे ५० कॅलरीच्या वर गेलं की जवळच्या १० ला राउंड करतात, फॅट ५ ग्रॅमच्या खाली असेल तर अर्ध्या ग्रॅमला. तुमचंच मिक्स तिथल्या लेबलवर १५० कॅलरी आणि ५ ग्रॅम फॅट असं दिसेल. दोन्ही लेबलं खरी आहेत. पण आता विचार करा, कुणी ते ५ घेऊन त्याचं परत १०० ग्रॅमला काय होतं ते काढलं तर १४.३ येईल, आणि रिपोर्टमध्ये तर १३.७४ आहे. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या लेबलवरून आपलं लेबल बनवणं हे तर बिलकुल करू नका.

आता कॅलरीकडे येऊ. तुम्ही प्रोटीन ३.९ गुणिले ४, फॅट ४.९ गुणिले ९, कार्ब्स २० गुणिले ४ केलंत, ते १३९.७ होतात, बरोबर. टेबलात १४६. मधले ६ कुठे गेले? ते फायबरमध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये कार्ब्सच्या ओळीत 'अव्हेलेबल' लिहिलंय, म्हणजे त्या ५७.४६ मध्ये फायबर धरलेलं नाही, ते खाली वेगळं ८.९२ दिलंय. अशा वेळी फायबरला ग्रॅममागे २ कॅलरी धरतात. सर्व्हिंगमध्ये ३.१ ग्रॅम फायबर आहे, त्याच्या ६.२ कॅलरी. मिळाले ना हरवलेले सहा.

लॅबने खरंच असंच मोजलंय का ते पण मी तपासलं. ११.३८ ला ४, १३.७४ ला ९, ५७.४६ ला ४ आणि ८.९२ ला २, सगळं मिळून ४१६.८६, आणि रिपोर्टमध्ये एनर्जीपुढे हाच आकडा आहे. म्हणजे शंकेला जागा नाही.

पण हे सगळीकडे असंच असेल असं धरून चालू नका. काही रिपोर्टमध्ये कार्ब्स म्हणजे टोटल कार्ब्स असतात, शंभरातून पाणी, राख, प्रोटीन आणि फॅट वजा करून उरलेलं सगळं, आणि त्यात फायबर आधीच बसलेलं असतं. तुमच्या मिक्ससाठी ते ६६.३८ झालं असतं. त्यात कुणी फायबरच्या २ कॅलरी अजून मिळवल्या तर फायबर दोनदा मोजलं जातं. अमेरिकेच्या लेबलवर टोटल कार्ब्सच लिहितात म्हणून तिथे सर्व्हिंगला २३ ग्रॅम दिसेल आणि तुमच्या टेबलात २०, गोंधळून जाऊ नका. रिपोर्टमध्ये 'अव्हेलेबल' की 'टोटल' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एक सोपी युक्ती आहे, प्रोटीन, फॅट, कार्ब्स, पाणी आणि राख यांची बेरीज करा. ती तशीच १०० च्या जवळ आली तर फायबर आत आहे, फायबर मिळवल्यावरच १०० होत असेल तर बाहेर आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये पाणी आणि राख मिळून ८.५ आहे, फायबरशिवाय बेरीज ९१.०८ येते, फायबर मिळवलं की बरोबर १००.

मग सर्व्हिंगच्या कॅलरी कशा लिहायच्या, १०० ग्रॅमची एनर्जी ०.३५ ने गुणून की सर्व्हिंगच्या राउंड केलेल्या ग्रॅमवरून मोजून? मी नेहमी पहिलं करते. ४१६.८६ गुणिले ०.३५ म्हणजे १४५.९, छापायला १४६. राउंड केलेल्या ग्रॅमवरून मोजलं तर ४.०, ४.८, २० आणि ३.१ वरून १४५.४ येतं, म्हणजे १४५. एका कॅलरीचा फरक पडतो आणि ग्राहक कधीतरी मेल करून विचारतात की बेरीज जुळत नाही. त्यांना उत्तर द्यायचं की एनर्जी कच्च्या आकड्यांवरून काढली आहे. बेरीज जुळावी म्हणून एनर्जी बदलायची नाही. एक-दोन कॅलरीचा फरक राउंडिंगचा असतो, तुमच्यासारखा सहाचा फरक पडला तर मात्र एखादा घटक सुटलेला असतो, थांबून शोधायचा.

छापायला देण्याआधी मी एक उलटी तपासणी करते, दोन मिनिटांचं काम आहे. सर्व्हिंगचा छापलेला आकडा ०.३५ ने भागायचा आणि रिपोर्टशी ताडून बघायचा. आकडा ०.१ ला राउंड केलेला असेल तर राउंडिंगमुळे सर्व्हिंगमध्ये जास्तीत जास्त ०.०५ चा फरक पडू शकतो, तो ०.३५ ने भागला की ०.१४ होतो. म्हणजे उलटं भागल्यावर रिपोर्टशी ०.१४ पेक्षा जास्त फरक दिसला तर कुठेतरी दोनदा राउंड झालंय. तुमचं ४.९ भागिले ०.३५ म्हणजे १४.०, रिपोर्ट १३.७४, फरक ०.२६, पकडला गेला. ४.८ वरून १३.७१ येतं, फरक ०.०३, पास. तुमचं प्रोटीनचं ३.९ पण असंच पकडलं जातं, ११.१४ येतं, ११.३८ पाहिजे. शीटमध्ये एक कॉलम यासाठी ठेवला आणि फरक जास्त असला की सेल लाल होईल असं केलं की डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

आता एक विचारायचं राहिलं, तुमचं ३५ ग्रॅम आलं कुठून? वजन करून की अंदाजाने? कारण वरचं सगळं गणित बिनचूक केलं आणि ३५ च चुकलेलं असलं तर अख्खा कॉलम चुकतो, आणि ही चूक कुठल्याही फॉर्म्युल्यात दिसत नाही, उलट्या तपासणीत पण नाही. पाकिटावर 'एक स्कूप' असं लिहिणार असाल तर तो स्कूप दहा वेळा भरून दहा वेळा वजन करा, प्रत्येक वेळी पाकीट हलवून, कारण अशा मिक्समध्ये नट्स वर आणि बारीक ओट्स खाली जाऊन बसतात आणि वरचा स्कूप आणि तळाचा स्कूप यांच्या वजनात बराच फरक पडतो. दहाची सरासरी घ्या. ती समजा ४२ निघाली तर एक स्कूप १४६ चा नाही, १७५ कॅलरीचा आहे, आणि मग ०.१ च्या राउंडिंगवरून आपण एवढी चर्चा केली ती वायाच गेली. हेच मिक्स दुधात घालून खातात म्हणून सर्व्हिंगमध्ये दूध धरायचं की नाही हा प्रश्न पण येईल. नुसत्या मिक्सचं देत असाल तर टेबलच्या वर 'कोरडं ३५ ग्रॅम' असं लिहा, दुधासकट द्यायचं असेल तर त्याचा कॉलम वेगळा करा, एकाच कॉलममध्ये दोन्ही मिसळू नका.

पुढे कधी पातळ प्रॉडक्ट करायला घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा. लॅब बऱ्याचदा १०० ग्रॅमवर रिपोर्ट देते आणि सर्व्हिंग मिलीमध्ये असतं. घट्ट साखरेच्या सिरपचं १ मिली वजनाला १.३ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे २० मिलीचं सर्व्हिंग २६ ग्रॅमचं असतं. रिपोर्टमध्ये साखर ६५ असेल तर सर्व्हिंगला १६.९ ग्रॅम होते, मिलीलाच ग्रॅम समजून गुणलं तर १३ येते. H1 मध्ये कायम ग्रॅमच टाकायचे, मिलीचं वजन आधी काट्यावर करून घ्यायचं.

सध्या तुम्ही D कॉलमचा फॉर्म्युला B वर वळवा, प्रोटीन ४.०, फॅट ४.८, साखर ५.२ होईल, एनर्जी १४६ तशीच राहू द्या. आणि स्कूपचं वजन करून झालं की आकडा इथे टाका, ३५ पेक्षा वेगळा निघाला तर H1 बदलून आलेलं टेबल मी एकदा बघून देते.